गेटवर मोजता येईल असं वर्णन

भोसरीपासून शिरोलीपर्यंतच्या कुठल्याही एमआयडीसीत जा आणि ट्रॉलीची चाकं, म्हणजे कॅस्टर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचा कॅटलॉग उघडा. त्यात साधारण असं वाक्य सापडतं: ‘आमची कॅस्टर उत्कृष्ट दर्जाच्या कच्च्या मालापासून अत्याधुनिक तंत्रज्ञानाने बनवलेली, अत्यंत मजबूत, टिकाऊ व आकर्षक असून सर्व प्रकारच्या औद्योगिक वापरासाठी उपयुक्त आहेत.’ या वाक्यातला ‘कॅस्टर’ शब्द काढून ‘पंखे’ किंवा ‘प्लास्टिकच्या बादल्या’ घातला तरी काही बिघडत नाही. ज्याला चाक हवंय त्याच्या हाती हे वाचून काहीच लागलेलं नसतं.

हे वर्णन वाचणारी माणसं मोजकी आहेत आणि ती डोळ्यांसमोर असली की लिहिणं सोपं होतं. पहिला मेंटेनन्सचा फिटर. त्याच्या ट्रॉलीचं एक चाक तुटलंय, बाकीची तीन शाबूत आहेत. त्याला चौथं असं हवंय की जुन्या भोकांत बोल्ट बसतील आणि ट्रॉली लंगडी होणार नाही. दुसरा ट्रॉली बनवणारा फॅब्रिकेटर, ज्याला प्लेट वेल्ड करण्याआधी भोकांचं अंतर माहीत हवं. तिसरा खरेदी विभागातला माणूस. त्याच्यासमोर तीन कोटेशनं आहेत आणि सर्वांत स्वस्त न घेता तुमचं का घेतलं, हे त्याला फाइलवर लिहायचंय. यातल्या एकालाही ‘आकर्षक’ या शब्दाचा उपयोग नाही. खरेदीवाला तर ‘मजबूत’ असं परचेस ऑर्डरमध्ये लिहूच शकत नाही, कारण माल गेटवर आला की इनवर्ड इन्स्पेक्शनचा माणूस व्हर्नियर घेऊन उभा असतो आणि मजबुती व्हर्नियरमध्ये मावत नाही.

वर्णनातला शब्द ठेवायचा की काढायचा, याची माझी कसोटी हीच आहे. ग्राहकाच्या गेटवर तो मोजून, वाचून किंवा करून पाहता येतो का? येत असेल तर राहू द्या. येत नसेल तर त्या विशेषणाच्या मागे आपल्या डोक्यात नेमकी कोणती गोष्ट होती ते शोधा आणि ती लिहा. बहुतेक वेळा काहीतरी असतंच. ‘सहज फिरणारे’ म्हणताना मालकाच्या मनात चाकात बसवलेली दोन ६२०४ क्रमांकाची बॉल बेअरिंग असतात. मग बेअरिंगचा क्रमांकच छापा. तो क्रमांक बाजारातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात चालतो, त्यामुळे पुढे बेअरिंग गेलं तर काय आणायचं हेही फिटरला कळतं. ‘मजबूत’ म्हणजे फोर्कचा पत्रा ४ मिमीचा आहे. ‘गंजरोधक’ म्हणजे झिंक प्लेटिंग केलंय. किती मायक्रॉनचं, ते प्लेटिंगवाल्याच्या रिपोर्टवर असतं, तो मागून घ्या. आणि मागे काहीच सापडलं नाही, तर तो शब्द नुसती सवय होती असं समजून खोडून टाका.

आता एक चाक घेऊन वर्णन बांधू या. समजा, १५० मिमी व्यासाचं, पॉलियुरेथेनचं म्हणजे पीयूचं, फिरतं आणि ब्रेकवालं. बाजारात याला सहा इंची म्हणतात. पण सहा इंच म्हणजे १५२.४ मिमी होतात आणि चाक प्रत्यक्षात १५० चं असतं. त्यामुळे मोजलेलं माप मिलिमीटरमध्ये लिहा आणि ‘६ इंची’ हे बोलीतलं नाव शेजारी ठेवा. ग्राहक फोनवर तेच नाव घेणार असतो.

मापं ड्रॉइंगवरून उतरवू नका. वेगवेगळ्या दिवशी बनलेले पाच-सहा नग स्टोअरमधून घ्या आणि व्हर्नियरने मोजा. ड्रॉइंगवर एकूण उंची १९० असते आणि हातात १८८ ते १९२ येते, असं हमखास होतं. मग ‘१९० ± २ मिमी’ असं लिहायचं. या दोन मिलिमीटरना लाजायचं काही कारण नाही. फॅब्रिकेटरला ती आधी माहीत असली की तो जुळवून घेतो. ट्रॉलीला सहसा दोन फिरती आणि दोन फिक्स चाकं लागतात. या दोन्हींची उंची एक नसेल तर ट्रॉली एका टोकाला कललेली राहते. म्हणून ‘याच मालिकेतल्या फिक्स कॅस्टरची उंचीही १९० मिमी’ हे वाक्य फिरत्या चाकाच्या वर्णनात आलंच पाहिजे. हे वाक्य क्वचितच कोणी छापतं, आणि त्यावरून होणारी भांडणं मात्र नेहमीची.

उंचीनंतर प्लेट. प्लेटचं बाहेरचं माप १३५ × ११० मिमी हे दिसायला महत्त्वाचं वाटतं, पण फिटरला खरं हवं असतं ते भोकांचं अंतर, एका भोकाच्या केंद्रापासून दुसऱ्याच्या केंद्रापर्यंतचं: १०५ × ८० मिमी. भोक ११ मिमीचं, म्हणजे १० मिमीचा बोल्ट. फिटर सहसा जुन्या प्लेटवर टेप लावतो तेव्हा भोकाच्या कडेपासून कडेपर्यंत मोजतो. म्हणून शेजारी एक साधं रेखाचित्र द्या आणि त्यात माप कुठून कुठे घेतलंय ते बाणांनी दाखवा. गुळगुळीत कागदावर चमकणाऱ्या फोटोपेक्षा हे रेखाचित्र जास्त चाकं विकतं, असं माझं ठाम मत आहे.

फिरत्या चाकाचं आणखी एक माप आहे आणि ते बहुतेक कॅटलॉगांत नसतं. चाक आपल्या खिळीच्या, म्हणजे किंगपिनच्या बरोबर खाली नसतं, थोडं मागे असतं. म्हणून तर ते ढकललेल्या दिशेला वळतं. या मागे असण्याला ऑफसेट म्हणतात. ऑफसेट ४० मिमी आणि चाकाची त्रिज्या ७५ मिमी, म्हणजे चाक पूर्ण गोल फिरायला किंगपिनच्या केंद्रापासून ११५ मिमी मोकळी जागा लागते. ब्रेकचं पेडल त्याहून बाहेर येतं, ते वेगळं मोजून लिहा. ही जागा न सोडता ट्रॉलीच्या खाली आडवा अँगल वेल्ड केला की चाक त्याला घासतं आणि तक्रार तुमच्याकडे येते, ‘चाक अडकतंय’ म्हणून. चाक चांगलं असतं, फक्त हा आकडा कागदावर नसतो.

आता भारक्षमता. सगळ्यांत जास्त थापा याच जागी मारल्या जातात, आणि काही अगदी निरागसपणे. पीयूचं चाक बाहेरून विकत घेतलेलं असतं. चाकवाला सांगतो, ४०० किलो. कारखानदार त्याला आपला फोर्क आणि प्लेट लावतो आणि कॅटलॉगमध्ये ४०० किलो छापतो. पण ४०० हा नुसत्या चाकाचा आकडा झाला. पूर्ण कॅस्टरची क्षमता त्याच्या सर्वांत कच्च्या भागाइतकी असते. बहुतेक वेळा आधी फोर्क फाकतो किंवा वरच्या फिरत्या भागातल्या गोळ्यांच्या खाचा दबतात, आणि चाकाला ओरखडाही आलेला नसतो.

आकडा आपलाच काढावा लागतो. नमुन्याची चार कॅस्टर एका दणकट ट्रॉलीला लावा आणि वजनकाट्यावर तोललेलं लोखंड तिच्यावर चढवा. ती शॉपफ्लोरवर पाच-सहा मिमी जाडीच्या पट्ट्यांवरून फिरवा, मग भरलेलीच रात्रभर उभी ठेवा. सकाळी चार गोष्टी बघा. फोर्कच्या दोन पायांतलं अंतर वाढलंय का? किंगपिन हलवला तर खडखडतो का? चाक वळवायला पहिल्यापेक्षा जास्त जोर लागतो का? आणि पीयू जिथे जमिनीला टेकलं होतं तिथे सपाट डाग पडलाय का, तो थोड्या वेळाने भरून येतो की तसाच राहतो? भार वाढवत न्या आणि यातलं काहीही कायमचं बिघडतं त्याच्या बऱ्याच खालचा आकडा छापा. चाक जेमतेम निभावलं तो आकडा छापायचा नाही. कॅस्टरच्या पद्धतशीर चाचण्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. ताशी ४ किलोमीटरपर्यंतच्या, म्हणजे चालत ढकलण्याच्या वेगासाठी आयएसओ २२८८३ आणि त्याहून जास्त वेगासाठी आयएसओ २२८८४. त्यानुसार चाचणी करून घेतली असेल तर मानकाचा क्रमांक जरूर छापा. घरच्या घरी केली असेल तर मानकाचं नाव नको, ‘आमच्या कारखान्यात भार चढवून तपासलेले’ एवढं प्रामाणिक वाक्य चालतं.

वेगाचा उल्लेख मात्र दोन्ही बाबतींत हवा. हाताने ढकलायच्या ट्रॉलीसाठी काढलेली क्षमता टोइंग ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलीला लागू होत नाही. तिथे खड्ड्याचा दणका कित्येक पट बसतो आणि पीयू आतून तापून रिमपासून सुटतं. ‘भारक्षमता २५० किलो’ हे अर्धं वाक्य झालं. ‘भारक्षमता प्रति कॅस्टर २५० किलो, हाताने ढकलताना’ हे पूर्ण.

‘प्रति कॅस्टर’ या दोन शब्दांवर थोडं थांबायला हवं. ग्राहक हिशेब करतो तो असा: ट्रॉली ८० किलोची, माल ५२० किलोचा, एकूण ६००. चाकं चार, म्हणजे प्रत्येकी १५०. तो १५० किलोची चाकं मागवतो आणि त्यातलं एखादं लवकरच वाकतं. कारण कारखान्याची जमीन कधीच अगदी सपाट नसते. एखादं चाक जमिनीपासून उचललेलं किंवा जेमतेम टेकलेलं असतं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून चार चाकांच्या ट्रॉलीचा हिशेब तीनने भागून करायचा, ६०० भागिले ३, म्हणजे २०० किलो. इथे १५० चं चाक चालत नाही, २५० चं चालतं. हा हिशेब कॅटलॉगच्या पानावर, उदाहरणासकट, चार ओळींत छापा. त्यात विशेषण एकही नसतं, पण वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवायला लागतो, कारण विकणाऱ्याने स्वस्त चाक घेऊ नका असं सांगताना कारणही दिलेलं असतं.

पुढचा भाग मालकांना लिहायला सर्वांत जड जातो: चाक कुठे वापरू नये. ‘सर्व प्रकारच्या वापरासाठी’ असं लिहिलं की जास्त गिऱ्हाइकं येतील असं वाटतं. येतात, आणि माल घेऊन परत येतात. पीयू तेल आणि ग्रीस चांगलं सोसतं, जमिनीवर डाग पाडत नाही, लोखंडी चाकासारखा आवाज करत नाही. पण भट्टीजवळच्या उष्णतेत ते मऊ पडतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर त्याचा भरवसा धरू नये. बिस्किटांच्या कारखान्यातल्या ओव्हनच्या रॅकला हे चाक लावलं तर काही दिवसांत त्याचा आकार जातो. सतत गरम पाणी आणि वाफ असेल तिथेही बऱ्याच जातींचं पीयू हळूहळू चिरतं. फोर्क झिंक प्लेटिंग केलेल्या लोखंडाचा असेल तर रोज धुतल्या जाणाऱ्या डेअरीत किंवा मासळीच्या शेडमध्ये तो गंजणारच, तिथे एसएस ३०४ चा फोर्क लागतो. नायलॉनचं चाक याच आकारात जास्त भार घेतं आणि हलकं ढकललं जातं, पण फरशीवर खडखडतं आणि इपॉक्सीची जमीन ओरखडतं. साधं रबर शांत चालतं, पण तेलात फुगतं. हे सगळं प्रत्येक पानावर कोंबायचं नाही. ज्या चाकाचं पान आहे त्याची मर्यादा सांगायची आणि ‘अशा जागी हे घ्या’ म्हणून आपल्याच दुसऱ्या मालिकेकडे बोट दाखवायचं. गिऱ्हाईक घरातच राहतं.

ब्रेकबद्दलही स्पष्ट असा. काही ब्रेक फक्त चाकाचं फिरणं थांबवतात, तेव्हा ट्रॉली जागच्या जागी वळू शकते. काही ब्रेक चाक आणि फोर्क दोन्ही जखडतात, त्याला बाजारात टोटल लॉक म्हणतात. ‘ब्रेकसह’ एवढं लिहिलं आणि ग्राहकाच्या मनात दुसरा प्रकार असला, की माल परत. उतारावर भरलेली ट्रॉली नुसत्या ब्रेकच्या जिवावर सोडू नये, हेही इथेच लिहायचं.

इतकं झाल्यावर पानावरचा मजकूर असा होईल:

‘१५० मिमी (६ इंची) पीयू कॅस्टर, फिरते, ब्रेकसह. कारखाना व गोदामातील हाताने ढकलायच्या ट्रॉल्यांसाठी, सिमेंट, इपॉक्सी किंवा फरशीच्या जमिनीवर. चाक: लोखंडी रिमवर पीयू, रुंदी ५० मिमी, दोन ६२०४ बॉल बेअरिंग. एकूण उंची १९० ± २ मिमी. याच मालिकेतील फिक्स कॅस्टरची उंची तेवढीच. प्लेट १३५ × ११० मिमी, भोकांच्या केंद्रांतील अंतर १०५ × ८० मिमी, बोल्ट १० मिमी. फिरण्यासाठी मोकळी जागा किंगपिनपासून ११५ मिमी, ब्रेक पेडलसह १५० मिमी. भारक्षमता प्रति कॅस्टर २५० किलो, हाताने ढकलताना; चार चाकांच्या ट्रॉलीसाठी एकूण वजनाला ३ ने भागून निवडा. ब्रेक फक्त चाक थांबवतो, फोर्क जखडत नाही. फोर्क ४ मिमी पत्रा, झिंक प्लेटिंग. ७० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता, वाफ किंवा रोजची धुलाई असलेल्या जागी वापरू नये. त्यासाठी आमची एसएस फोर्क व नायलॉन चाकाची मालिका पाहा. टोइंगसाठी नाही.’

साधारण सव्वाशे शब्द, आणि फिटर, फॅब्रिकेटर, खरेदीवाला, तिघांचंही काम झालं. क्रम मुद्दाम असा ठेवलाय. आधी वापर, म्हणजे चुकीच्या माणसाने पुढे वाचूच नये. मग बसेल की नाही ते, मग पेलेल की नाही ते, मग काय सोसणार नाही ते. यातली नायलॉनची शिफारसही डोळे मिटून करायची नाही. नायलॉनच्या जाती वेगवेगळ्या असतात आणि वाफेच्या, उष्णतेच्या जागेसाठी आपलं चाक किती अंशांपर्यंत चालतं ते चाकवाल्याकडून लेखी घेतल्याशिवाय तो पर्याय छापू नये.

चार आकार, तीन प्रकारचे थर आणि फिक्स, फिरतं, ब्रेकवालं असे तीन प्रकार, म्हणजे छत्तीस चाकं होतात. छत्तीस परिच्छेद लिहू नका. मालिकेचं वर्णन एकदा, आणि जी मापं बदलतात त्यांचा तक्ता. तक्त्यात एकही रकाना ‘–’ असा मोकळा राहू देऊ नका. तिथेच ग्राहक फोन उचलतो किंवा शेजारच्या कारखान्याचं पान उलटतो. तक्त्याच्या शेवटी प्रत्येक नगाचं वजन द्या, ट्रान्सपोर्टवाला तेच विचारतो. कॅस्टरचा ८३०२२० हा एचएसएन क्रमांक दिला की खरेदी विभागाचं बिलाचं कामही हलकं होतं.

कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक वाक्य असतं: ‘पूर्वसूचना न देता मापांत बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.’ यामागे लपता येतं असं अनेकांना वाटतं. पण १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावरून माल विकला असेल, तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे ही अट विक्रीत गृहीतच असते. तुमच्या कॅटलॉगमधलं १०५ × ८० बघून एखाद्याने दोनशे ट्रॉल्यांना भोकं पाडली आणि माल १०० × ८० चा गेला, तर त्या बारीक अक्षरांवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा प्रत्येक पानाच्या तळाशी महिना आणि वर्ष छापा, आणि डाय बदलली की पान बदला. जुन्या ग्राहकांना बदललेलं माप कळवा, एका ओळीत. डाय दुरुस्तीला गेली की कॅटलॉगही दुरुस्तीला गेला, असं टूलरूम आणि ऑफिस दोघांनी ठरवून टाकायचं.

प्रमाणपत्रांबाबत एक गल्लत फार होते. ‘आयएसओ ९००१ प्रमाणित कॅस्टर’ असं छापतात. आयएसओ ९००१ हे कारखान्याच्या कामकाजाच्या व्यवस्थेला मिळतं, चाकाला नाही. ‘आयएसओ ९००१ प्रमाणित कारखान्यात बनवलेले’ हे बरोबर. आयएसआयचं चिन्ह तर भारतीय मानक ब्युरोचा परवाना असल्याशिवाय वापरूच नये. ‘आमचा माल त्याच तोडीचा आहे’ हे त्याला उत्तर नाही, २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

पान छापायला देण्याआधी त्याचा प्रूफ, एक जुनं कॅस्टर आणि एक टेप एखाद्या फिटरच्या हातात द्या. फिटर ओळखीचा असावा, पण तुमच्या कारखान्यातला नसावा. त्याला एवढंच विचारा: या जुन्याच्या जागी आमचं कुठलं बसेल, आणि बसेल का? तो पानावर बोट ठेवून उत्तर देईपर्यंत तुम्ही काही बोलायचं नाही. तो मधेच जे विचारेल ते पानावर नाहीये, असं समजून तिथेच लिहून घ्या. छापून झाल्यावरही फोनशेजारी एक वही ठेवा आणि ग्राहकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न, चाकाच्या नावासकट, तिच्यात टिपून ठेवायला ऑफिसातल्या माणसाला सांगा. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, उदाहरणार्थ ‘ब्रेक डाव्या बाजूला येईल का?’, तर त्याचं उत्तर पुढच्या छपाईत त्या चाकाच्या पानावर घाला. जागा नसेल तर फोटो लहान करा.